उशिरा निघणाऱ्या मालाचे पत्र

परदेशी खरेदीदाराला ‘माल ठरलेल्या तारखेला निघत नाही’ असे कळवणारा ई-मेल दहा-बारा ओळींचा असतो. तो एकटा जात नाही. जहाज कंपनीची सूचना, नव्या बुकिंगचा कागद, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट असे काही ना काही त्याला जोडलेले असते, आणि या कागदांतून काय समजायचे व आता काय करायचे हे वरच्या मजकुराने सांगायचे असते. महाराष्ट्रातल्या अनेक लहान निर्यातदारांकडे हा मजकूर आधी मराठीत तयार होतो. मालक सांगतो किंवा लिहितो, आणि इंग्रजी चांगले असलेले घरातले वा ऑफिसातले कुणीतरी तो इंग्रजीत उतरवते. ही पद्धत वाईट नाही, उलट चांगली आहे. फक्त खरे काम इंग्रजी सुरू होण्याआधीच संपवावे लागते. उशीर कोणामुळे झाला, कोणती तारीख पक्की आहे, कोणती अंदाजाची आहे आणि खरेदीदाराने नेमके काय करायचे आहे, हे मराठी मसुद्यात ठरले नसेल तर कितीही सफाईदार इंग्रजी ते ठरवू शकत नाही.

उदाहरणासाठी सोलापूरच्या टेरी टॉवेलांचा एक कंटेनर घेऊ. प्रसंग कल्पित आहे, पण त्यातले प्रत्येक वळण या धंद्यातल्या माणसाला ओळखीचे वाटेल. काळ मार्च २०२४ चा. डिसेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली होती. भारतातून उत्तर युरोपला जाणाऱ्या जहाजांचा प्रवास त्यामुळे साधारण दहा ते चौदा दिवसांनी वाढला, वेळापत्रके विस्कटली आणि कंटेनर एका जहाजावरून दुसऱ्यावर ढकलले जाणे नेहमीचे झाले.

खरेदीदार हॅम्बर्गचा. व्यवहार सीआयएफ हॅम्बर्ग, म्हणजे जहाजाचे भाडे आणि विमा विकणाऱ्याकडे. पैसे एलसीवर. एलसीत माल जहाजावर चढण्याची शेवटची तारीख २० मार्च आणि एलसीची मुदत १० एप्रिल. माल न्हावा शेवाहून १२ मार्चच्या जहाजाने जायचा होता. पण टॉवेलांच्या एका लॉटचा रंग मंजूर झालेल्या लॅब डिपशी जुळला नाही, तो लॉट पुन्हा रंगवावा लागला आणि कंटेनर सोलापुरातून ७ ऐवजी ११ मार्चला निघाला. जहाज चुकले. उशीर चार दिवसांचा, पण ही जहाजसेवा आठवड्यातून एकदाच असल्यामुळे त्याचे सात दिवस झाले. पुढचे बुकिंग १९ मार्चचे मिळाले. ही तारीख एलसीत बसत होती, म्हणून खरेदीदाराला काही कळवले गेले नाही. कंटेनर १५ मार्चला बंदरात शिरला. १८ मार्चला जहाज कंपनीचा निरोप आला की जागा नाही, कंटेनर २६ मार्चच्या जहाजावर ढकलला आहे. बंदरावरच्या भाषेत कंटेनर ‘रोल’ झाला. आता एलसीची तारीख हातातून गेली, आणि पत्र लिहिणे भागच आहे.

अशा वेळी मालकाच्या हातून पहिल्यांदा उतरणारा मराठी मजकूर बहुधा असा असतो: ‘काही अपरिहार्य कारणांमुळे आपला माल थोडा उशिरा निघत आहे. बोटीचा प्रॉब्लेम झाला आहे. माल लवकरात लवकर पाठवण्याचा आमचा पूर्ण प्रयत्न आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कृपया सहकार्य करावे.’

यातला सूर नम्र आहे, हेतूही प्रामाणिक आहे. पण हॅम्बर्गच्या खरेदी विभागातल्या माणसाला हे वाचून एकही गोष्ट करता येत नाही. त्याला दुकानांना नवी तारीख द्यायची आहे, गोदामात जागा राखायची आहे आणि बँकेत जायचे आहे की नाही ते ठरवायचे आहे. ‘थोडा उशिरा’ म्हणजे तीन दिवस की तीन आठवडे, ते त्याला माहीत नाही. शिवाय ‘अपरिहार्य कारणे’ हा शब्दप्रयोग वाचणाऱ्याला थेट संशयाकडे नेतो, कारण खरे कारण असेल तर ते सांगायला कोणी कचरत नाही.

मसुद्यात सगळा उशीर जहाजावर ढकलण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा, आणि त्यामागे नीतीइतकेच साधे व्यवहारी कारण आहे. प्रत्येक कंटेनरला चार अक्षरे आणि सात आकडे असा क्रमांक असतो. जहाज कंपनीच्या संकेतस्थळावर तो टाकला की कंटेनर बंदरात कधी शिरला ते कुणालाही दिसते. १२ मार्चच्या जहाजाचा कंटेनर १५ मार्चला बंदरात आला हे खरेदीदाराला अर्ध्या मिनिटात कळेल. मग पत्रातला खरा भागही, म्हणजे जहाज कंपनीने कंटेनर पुढे ढकलला हा भाग, तो खोटा धरेल. उशीर दोन तुकड्यांत झाला, पहिला कारखान्यामुळे आणि दुसरा जहाज कंपनीमुळे, असे सरळ लिहिणे हेच विकणाऱ्याच्या हिताचे आहे.

दुसरी गोष्ट तारखांची. सीआयएफ व्यवहारात विकणाऱ्याची जबाबदारी माल ठरलेल्या मुदतीत जहाजावर चढवण्याची असते. जहाज हॅम्बर्गला अमुक दिवशी पोचेल याची हमी तो देत नाही. म्हणून निघण्याची तारीख आणि पोचण्याची तारीख या पत्रात वेगवेगळ्या वजनाच्या आहेत. पहिली कराराची, दुसरी माहितीची. इंग्रजी कायदा निघण्याच्या तारखेला किती मानतो याचे एक जुने उदाहरण भारतातल्याच मालाचे आहे. मद्रासचा तांदूळ मार्च किंवा एप्रिल १८७४ मध्ये जहाजावर चढवायचा असा करार होता, आणि बहुतेक तांदूळ फेब्रुवारीतच चढला होता. तांदळात खोट नव्हती. तरीही १८७७ मध्ये ‘बोज विरुद्ध शँड’ या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने खरेदीदाराला माल नाकारण्याचा हक्क आहे असे ठरवले. लवकर चढलेल्या मालाची ही गत, तर उशिरा चढणाऱ्याबद्दल वेगळे सांगायला नको.

एलसीमध्ये हा मुद्दा आणखी टोकदार होतो. बँक माल पाहत नाही, कागद पाहते. बिल ऑफ लेडिंगवर माल जहाजावर चढल्याची जी तारीख असेल ती एलसीतल्या तारखेच्या पुढे गेली, तर कागदांत त्रुटी निघते आणि बँकेला पैसे देण्याचे बंधन उरत नाही. म्हणून पत्राचा खरा गाभा माफी हा नाही. खरेदीदाराने त्याच्या बँकेत जाऊन एलसीत दुरुस्ती करून घ्यावी ही विनंती हा आहे. विकणारा ही दुरुस्ती स्वतः करू शकत नाही. एलसी खरेदीदाराच्या अर्जावर उघडलेली असते, तेव्हा दुरुस्तीचा अर्जही त्यानेच करायचा. एलसीच्या स्विफ्ट संदेशात जहाजावर चढण्याची शेवटची तारीख `44C` या रकान्यात आणि एलसीची मुदत `31D` या रकान्यात असते. पत्रात या रकान्यांची नावे घातली की खरेदीदाराच्या माणसाला विचार करावा लागत नाही. तो ती ओळ उचलून बँकेच्या अर्जात भरतो.

तारीख किती वाढवून मागायची, इथे अनुभव लागतो. जहाज २६ मार्चला निघणार म्हणून २६ मार्चच मागणे हा अपुरा विचार आहे. कंटेनर एकदा रोल झाला तसा पुन्हा होऊ शकतो, आणि पुढचे जहाज २ एप्रिलला आहे. तेव्हा ५ एप्रिलपर्यंत मुदत मागावी, म्हणजे दुसऱ्यांदा हात पसरावे लागणार नाहीत. एलसीची मुदतही तितकीच सरकवायला हवी. यूसीपी ६०० या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे माल चढल्यापासून २१ दिवसांच्या आत कागद बँकेत सादर करायचे असतात. ५ एप्रिलपासून २१ दिवस धरले की २६ एप्रिल येतो. दुरुस्तीचे बँकखर्च कोणी सोसायचे हेही इथेच लिहावे. पहिला उशीर कारखान्याचा असल्यामुळे ते विकणाऱ्याने उचलणे रास्त आहे.

उत्तर कधीपर्यंत हवे, याचा निर्णय कॅलेंडर पाहून होतो. त्या वर्षी २९ मार्चला गुड फ्रायडे आणि १ एप्रिलला ईस्टर मंडे होता, म्हणजे जर्मनीतल्या बँका सलग चार दिवस बंद. इकडे २५ मार्चला धूलिवंदन. दुरुस्ती २६ मार्चपूर्वी हाती यायला हवी, कारण जहाज सुटल्यावर माल परत फिरत नाही आणि विकणारा खरेदीदाराच्या मर्जीवर उरतो. म्हणून पत्रात शुक्रवार, २२ मार्च ही तारीख घालायची.

काय देऊ नये, हेही मसुद्यातच ठरवायचे असते. अपराधी वाटत असले की ‘तातडीचे साठ खोके विमानाने पाठवतो’ असे लिहून जाते. पण कंटेनर सील होऊन, कस्टमची परवानगी मिळून बंदरात उभा आहे. त्यातून खोके काढायचे तर कंटेनर बंदराबाहेर आणण्याची वेगळी परवानगी लागते आणि २६ तारखेचे जहाजही हातचे जाऊ शकते. शिवाय एलसी बिल ऑफ लेडिंग मागते, विमानाच्या कागदावर त्या खोक्यांचे पैसे त्या एलसीखाली मिळणार नाहीत. जे करता येणार नाही त्याचा शब्द पत्रात नको.

एवढे ठरल्यावर मराठी मसुदा असा उभा राहतो:

‘आपल्या ऑर्डरचा कंटेनर १२ मार्चऐवजी २६ मार्च २०२४ ला न्हावा शेवाहून निघेल असे नियोजन आहे. हॅम्बर्गला पोचण्याची अंदाजे तारीख १८ एप्रिलऐवजी २ मे आहे. ही तारीख जहाज कंपनीने दिलेली आहे. पहिला आठवडा आमच्यामुळे गेला. एका लॉटचा रंग मंजूर नमुन्याशी जुळला नाही, म्हणून आम्ही तो पुन्हा रंगवला आणि १२ मार्चचे जहाज चुकले. हे आम्ही आपल्याला तेव्हाच कळवायला हवे होते. दुसरा आठवडा जहाज कंपनीमुळे जातो आहे. १९ मार्चच्या जहाजावरचे आमचे बुकिंग तिने आज पुढे ढकलले. तिची सूचना सोबत जोडली आहे. माल पूर्ण तयार असून सीलबंद कंटेनर १५ मार्चपासून बंदरात आहे. एलसीतली शेवटची तारीख २० मार्च असल्यामुळे आपण आपल्या बँकेकडून दुरुस्ती करून घ्यावी: `44C` मध्ये ५ एप्रिल आणि `31D` मध्ये २६ एप्रिल. दुरुस्तीचा खर्च आमच्याकडे. दुरुस्ती शुक्रवार, २२ मार्चपर्यंत निघाली तर ईस्टरच्या सुट्ट्यांचा अडथळा येणार नाही. उशिराबद्दल आणि पहिला बदल वेळेवर न कळवल्याबद्दल आम्ही माफी मागतो. माल चढला की त्याच दिवशी आपल्याला कळवू.’

हा मसुदा इंग्रजीत नेताना वाक्यांचा क्रम फारसा बदलावा लागत नाही, कारण बातमी पहिल्याच ओळीत आहे. आपल्याकडच्या व्यापारी पत्रात आधी क्षेमकुशल, मग संदर्भ, मग कारणे आणि शेवटी बातमी असा रिवाज असतो. युरोपातला वाचक पहिली दोन वाक्ये वाचून पत्र कोणाकडे पाठवायचे ते ठरवतो, म्हणून तारीख तिथेच हवी. विषयाची ओळही बातमीच सांगते. इंग्रजी वाक्ये इथे देवनागरीत दिली आहेत: ‘शिपमेंट मूव्ह्ड टु २६ मार्च; एलसी अमेंडमेंट नीडेड बाय २२ मार्च’. महिना अक्षरांनीच लिहायचा. ०५/०४ हे जर्मनीत ५ एप्रिल असेल, पण हेच पत्र अमेरिकेला गेले तर ४ मे होते.

भाषांतर करणाऱ्याची पहिली कसोटी ‘निघेल’ या क्रियापदावर लागते. मराठीत ‘२६ तारखेला निघेल’ हे वचनही असते आणि अंदाजही, बोलणाऱ्याच्या आवाजावरून ऐकणाऱ्याला ते कळते. इंग्रजी पत्रात ‘विल सेल ऑन २६ मार्च’ असे लिहिले तर तो शब्द दिल्यासारखा होतो, आणि जहाज विकणाऱ्याच्या मालकीचे नाही. तिथे ‘इज नाऊ शेड्यूल्ड टु सेल ऑन २६ मार्च’ हवे. पोचण्याच्या तारखेसाठी ‘द कॅरियर्स एस्टिमेटेड अरायव्हल इज २ मे’, म्हणजे अंदाज कोणाचा तेही स्पष्ट होते. याउलट जे विकणाऱ्याच्या हातात आहे तिथे ‘विल’च वापरायचे: ‘वुई विल पे द अमेंडमेंट चार्जेस’. तिथे ‘वुई विल ट्राय’ लिहिले तर दिलेला शब्द पातळ होतो.

दुसरी अडचण कर्त्याची. ‘रंग जुळला नाही, पुन्हा रंगवावे लागले, राहून गेले’ अशी वाक्ये मराठीत कर्त्याशिवाय सहज चालतात आणि त्यात लपवाछपवी नसते. तीच जशीच्या तशी इंग्रजीत नेली की ‘री-डाइंग हॅड टु बी डन’ असे काहीतरी तयार होते, आणि ऐकणाऱ्याला ते जबाबदारी टाळणे वाटते. म्हणून मराठी मसुद्यातच ‘आम्ही तो पुन्हा रंगवला’ असे लिहून ठेवले आहे. इंग्रजीत ते ‘वुई री-डाइड वन लॉट बिकॉज द बल्क शेड डिड नॉट मॅच द अप्रूव्ह्ड लॅब डिप’ असे सरळ येते. या वाक्यात चूक कबूल होते, पण खरेदीदाराला आणखी एक गोष्टही कळते: हा कारखाना चुकीच्या रंगाचा माल तसाच रेटत नाही. दुसऱ्या आठवड्याचे वाक्यही कर्त्यासकट: ‘द कॅरियर रोल्ड अवर बुकिंग टुडे, देअर नोटिस इज अटॅच्ड’. ‘रोल्ड’ हा शब्द या धंद्यात सगळ्या देशांत चालतो, तो बदलून सोपा करण्याची गरज नाही.

माफी एकदाच, आणि नेमक्या गोष्टीची: ‘वुई अपॉलोजाइज फॉर द डिले, अँड फॉर नॉट टेलिंग यू अबाउट द फर्स्ट चेंज ॲट वन्स’. ‘गैरसोयीबद्दल दिलगीर’ याचे इंग्रजी रूप ‘इन्कन्व्हीनियन्स रिग्रेटेड’ हे रस्ता बंद असल्याच्या पाटीवरचे वाक्य आहे, दोन आठवड्यांच्या उशिराला ते फार थिटे पडते. दुसऱ्या टोकाला जाऊन ‘वुई ॲक्सेप्ट फुल लायेबिलिटी फॉर एनी लॉस’ असेही लिहू नये. माफी मागणे आणि अमर्याद भरपाई मान्य करणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा ई-मेल उद्या वादात पुरावा म्हणून पुढे येऊ शकतो. त्याच कारणाने ‘फोर्स मेज्योर’ हा भारदस्त शब्दही टाळायचा. करारात तसे कलम असेल आणि घटना त्यात बसत असेल तरच तो अर्थपूर्ण असतो. एका जहाजावर जागा न मिळणे सहसा त्यात बसत नाही, आणि लॉट पुन्हा रंगवणे तर मुळीच नाही.

‘कृपया सहकार्य करावे’ हे मराठीत सौजन्य आहे. ‘काइंडली कोऑपरेट’ इंग्रजी कानाला दटावणीसारखे लागते. मराठीत मोघम ठेवलेली विनंती इंग्रजीत कामाच्या रूपातच सांगावी लागते: ‘प्लीज आस्क युअर बँक टु अमेंड’ आणि पुढे दोन रकाने, दोन तारखा. आपल्या ऑफिसांत रुळलेली काही इंग्रजी वळणेही इथे गाळावी लागतात. ‘डू द नीडफुल’ भारतात सगळ्यांना कळते, हॅम्बर्गच्या माणसाला मात्र त्याने काय करायचे ते कळत नाही. ‘रिव्हर्ट’ आपण उत्तर देण्यासाठी वापरतो, पण त्याचा सर्वमान्य अर्थ पूर्वीच्या स्थितीवर परत जाणे असा आहे, आणि बदललेल्या तारखांच्या पत्रात तो खरोखर घोटाळा करू शकतो.

इंग्रजी तयार झाले की ते मालकाला पुन्हा मराठीत सांगून पाहणे, हा या कामातला सर्वांत उपयोगी टप्पा आहे. भाषांतर करणाऱ्याने कागदाकडे बघत तोंडी सांगायचे आणि मालकाने ऐकायचे. ‘आपण पोचण्याची हमी दिली आहे का?’, ‘खर्च फक्त दुरुस्तीचा ना, की सगळाच?’ असे प्रश्न तेव्हाच निघतात. त्यानंतर प्रत्येक विधानाला जोडलेला कागद आहे का ते पडताळायचे: जहाज कंपनीची सूचना, २६ मार्चचे नवे बुकिंग, बंदरात कंटेनर शिरल्याची नोंद. पत्रातले आकडे आणि कागदावरचे आकडे जुळत नसतील तर पत्र थांबवून आधी ते दुरुस्त करायचे. जर्मनी मार्चअखेरपर्यंत भारताच्या साडेचार तास मागे असते, तेव्हा १८ मार्चच्या संध्याकाळी सहाला गेलेले पत्र तिथे दुपारी दीडला पोचते आणि बँकेत फोन करायला त्यांच्याकडे दिवस उरतो.

दुरुस्ती नाकारली गेली किंवा उत्तरच आले नाही, तर विकणाऱ्याला २५ तारखेच्या आत ठरवावे लागते. माल चढू देऊन त्रुटी असलेले कागद सादर करता येतात. बँक कागद नाकारणार असेल तर तिने ते पाच कामकाजाच्या दिवसांत कळवायचे असते, आणि खरेदीदाराने त्रुटी मान्य केली तर पैसे सुटतात. पण तोवर माल समुद्रात असतो आणि किंमत पाडून मागण्याची संधी खरेदीदाराकडे असते. या कोंडीत कधी कधी कुणीतरी बिल ऑफ लेडिंगवर मागची तारीख घालून घेण्याचा सल्ला देते. तो फसवणुकीचा सल्ला आहे. जहाज कोणत्या दिवशी सुटले हे जगाला दिसत असते, आणि असा कागद उघडा पडला की एका कंटेनरचा वाद फौजदारी प्रकरणापर्यंत जाऊ शकतो.

दुरुस्ती वेळेत आली आणि कंटेनर २६ मार्चला चढला, तर त्याच दिवशी दुसरा, दोन ओळींचा मेल जातो: जहाजाचे नाव, चढल्याची तारीख, कंटेनर क्रमांक आणि जहाज कंपनीची पोचण्याची ताजी अंदाजे तारीख. त्या दिवसापासून २१ दिवस मोजायचे, म्हणजे १६ एप्रिलपर्यंत सगळे कागद सोलापुरातल्या बँकेच्या काउंटरवर पोचले पाहिजेत.